पाचशे बारा आणि चारशे ऐंशी

कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या लॅबमध्ये ताई पाणी भरायच्या, ते बघण्यासारखं असे. नळाखाली डबा ठेवायचा, नळ सोडायचा आणि सरळ पाठ फिरवून टेबलं पुसायला लागायचं. नवी मुलं ओरडायची, "ताई, डबा भरतोय, सांडेल!" ताई ढिम्म. फडकं पिळून, वाळत टाकून मग सावकाश दोन पावलं मागे यायच्या आणि न बघताच नळ बंद करायच्या. पाणी काठाच्या बोटभर खाली. एक थेंब जमिनीवर नाही.

"डोक्याला मागेही डोळे आहेत की काय तुम्हाला?" कुणीतरी विचारायचंच.

"डोळे कशाला लागतात? तो डबाच बोलतोय की. आधी घोगरा बोलतो, मग बारीक, अजून बारीक. किंचाळायला लागला की बंद करायचं."

ही विद्या त्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. चार भावंडांत थोरल्या, त्यामुळे घरचं पाणी भरायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे. नळ एका अंधाऱ्या बोळकांडीत होता. आत दिसायचं काही नाही, आणि पाणी सांडलं की आई पाठीत धपाटा घालायची. धपाटे चुकवता चुकवता कान तयार झाला. दहावीनंतर शिक्षण थांबलं, लग्न झालं, आणि एका ओळखीच्या बाईंनी कॉलेजात चिकटवून दिलं. पहिली दोन वर्षं काचेची भांडी धुण्यात गेली. मग हळूहळू कपाटांच्या किल्ल्या आल्या, मग प्रयोग मांडायचं काम आलं. आता सव्वीस वर्षं झाली होती. या सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक भिंग फुटलं नव्हतं की एक स्क्रू हरवला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. थोडासा नाही, भरपूर.

सगळ्या प्रयोगांत त्यांचा जीव जडला होता तो अनुनाद नळीच्या प्रयोगावर. मीटरभर उंचीची काचेची उभी नळी, शेजारी मोजपट्टी, आणि मागच्या बाजूला रबरी नळीने जोडलेली पाण्याची छोटी टाकी. टाकी वर केली की नळीतलं पाणी चढतं, खाली केली की उतरतं. पाण्याच्या वर उरते ती हवा. तळाशी पाण्याने बंद, वर तोंडाशी मोकळी. नादकाटा, म्हणजे एकाच सुरात वाजणारा पोलादी दुतोंडी काटा, रबराच्या पॅडवर आपटायचा, नळीच्या तोंडावर आडवा धरायचा, आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. आधी काही नाही, नुसती गुणगुण. आणि मग एका विशिष्ट जागी नळी अचानक हुंकारते. सगळी लॅब भरून जाईल एवढा आवाज त्या इवल्याशा काट्यातून निघतो. पाणी अर्धं बोट पुढे गेलं की पुन्हा गप्प.

सव्वीस वर्षं ऐकूनही त्या हुंकाराने ताईंच्या अंगावर रोमांच उभे राहायचे. दर वेळी वाटायचं, आत कुणीतरी जागं झालं.

त्या वर्षी नवे सर आले होते. वय पस्तिशीचं, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि बोलणं मोजूनमापून. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'दशांश' ठेवलं, कारण उत्तरात दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकडे दिसले नाहीत तर ते जर्नल हातातही धरत नसत. माणूस तसा वाईट नव्हता. हसायचा मात्र नाही.

वर्गात तेवीस मुलं होती. प्रयोगाला दोघादोघांच्या जोड्या पडल्या, आणि एक मुलगी एकटी उरली. ती होती 'पेनवाली'. सगळे रीडिंग आधी पेन्सिलीने लिहायचे, मग खोडून, जुळवून पेनाने. ही पोरगी पहिल्यापासून पेनाने लिहायची. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा. तिचं जर्नल दिसायला गचाळ, पण ताईंना ते आवडायचं. जे झालं ते सगळं त्यात दिसायचं.

दिवाळं निघावं तशी त्या पोरीची अनुनाद नळीपाशी दशा झाली. पहिल्या मंगळवारी तिने ध्वनीचा वेग काढला: सेकंदाला तीनशे सत्तर पूर्णांक सहा नऊ मीटर. सरांनी लाल पेनाने आडवी रेघ ओढली. "लॅबचं तापमान सत्तावीस अंश. उत्तर तीनशे सत्तेचाळीसच्या आसपास यायला हवं. पुन्हा कर."

दुसऱ्या मंगळवारी तीनशे एकाहत्तर. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा तीनशे सत्तर.

"बाकी बावीस जणांचं उत्तर बरोबर येतं," सर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण तेच जास्त लागलं. "त्याच नळ्या, तेच काटे, तीच हवा. मग चूक कुठे आहे? विचार कर."

सगळे गेल्यावर नळीपाशी उभी राहून पोरगी टाकी वरखाली करत होती. ताई टेबलं आवरत होत्या. त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "बाकीच्यांचं कसं येतं गं बरोबर?"

"त्यांना उत्तर आधीच माहीत असतं ना, ताई." तिने नाक ओढलं. "तीनशे सत्तेचाळीस लिहायचं आणि उलटं गणित करून लांब्या काढायच्या. मलाही सांगितलं सगळ्यांनी. पण मी जे ऐकलं नाही ते कसं लिहू?"

"मग नको लिहूस."

"मग नापास होईन. पुढच्या वर्षी मी हा विषय घेणारच नाही. मला कान नाहीत बहुतेक."

हे वाक्य ताईंना टोचलं. कान नाहीत? गेले तीन मंगळवार त्या या पोरीला बघत होत्या. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ती ऐकायची. हुंकार आला की पाणी थांबवायची, मग मुद्दाम पुढे न्यायची, परत मागे आणायची, आणि नेमक्या जागी नळीवर रबरी रिंग सरकवून ठेवायची. इतकं मन लावून ऐकणारं मूल ताईंनी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तू जा घरी," त्या म्हणाल्या. "रिंगा राहू देत तशाच."

पोरगी गेली. ताई फडकं घेऊन पहिल्या टेबलावरची नळी पुसायला लागल्या. वरची रिंग तोंडापासून सतरा पूर्णांक दोन सेंटिमीटरवर होती, खालची त्रेपन्न पूर्णांक चारवर. या टेबलावरचा काटा पाचशे बारा कंपनांचा. सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरणारा. मग त्या दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. तिथला काटा चारशे ऐंशीचा. दुपारीच त्यांनी तो वाजवून बघितला होता, दर वेळी बघायच्या तसा, आणि हुंकार आला तिथे सवयीने रिंग लावली होती. ती होती सोळा पूर्णांक एकवर.

ताईंचा हात नळीवर थांबला.

सोळा. आणि तिकडे सतरा.

डबा भरत आला, की वरची हवा कमी उरते आणि आवाज बारीक होतो. म्हणजे हवेचा खांब जितका आखूड, तितका स्वर उंच. जो काटा जास्त वेगाने थरथरतो, त्याला आखूड खांब हवा. पाचशे बाराच्या काट्याला आखूड, चारशे ऐंशीच्या काट्याला लांब. इथे नेमकं उलटं होतं.

त्यांनी दोन्ही काटे उचलले, एकेक करून पॅडवर आपटून कानाशी धरले. पाचशे बारा लिहिलेला काटा जाडा बोलला. चारशे ऐंशी लिहिलेला बारीक. फरक अगदी थोडा, पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांएवढा. पण ताईंच्या कानाला तो लख्ख कळला.

ते आकडे त्यांनीच लिहिले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काट्यांच्या कपाटात पाणी गळलं होतं आणि दोन काटे गंजून लाल झाले होते. ताईंनी ते पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. त्या नादात त्यांच्यावर कोरलेले बारीक आकडेही घासले गेले. मग पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, स्वतःच्या हाताने त्यांनी ते पुन्हा काढले. काढताना दोन्ही काटे फडक्यावर शेजारीशेजारी ठेवले होते. लांबीला जवळजवळ सारखेच. मध्ये कुणीतरी हाक मारली, त्या उठल्या, परत आल्या. तेव्हाच कधीतरी डावा उजवा झाला असणार. वाजवून बघायचं सुचलंच नाही. एरवी पाणीसुद्धा कानाने भरणारी बाई, आणि नेमकी तिथे डोळ्यांवर विसंबली.

त्या संध्याकाळी ताई घरी न जाता नवऱ्याच्या दुकानात गेल्या. नवरा शिंपी. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं 'हं' आणि 'ऊं' यांतच असायचं. ताईंनी सगळं सांगितलं. त्याने टाचण्या काढून डबीत ठेवल्या. म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे त्याला कळलं होतं.

"कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही. उद्या सकाळी लवकर जाऊन आकडे बदलले, तर कुणाला कधी कळणारही नाही."

"मग?"

"मग त्या पोरीचं जर्नल तीन लाल रेघांसकट तसंच राहील ना! तिला जन्मभर वाटत राहील, आपल्याला कान नाहीत म्हणून."

नवऱ्याने पायाने मशीन थोडंसं हलवलं, थांबवलं. "तुला आठवतं, मी त्या वकिलाच्या कोटाची एक बाही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मापाने शिवली होती?"

"आठवतं की. तो म्हणत होता, माझा एक हात लांब झालाय."

"आठवडाभर म्हणत होता. डॉक्टरलाही दाखवून आला. मी गप्प बसलो होतो." त्याने चष्मा काढला. "मग एक दिवस राहवलं नाही, सांगून टाकलं. अगं, एवढा आनंद झाला त्याला! आजवर माझ्याकडे येतो."

ताईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले तेव्हा ताई दोन्ही काटे आणि दोन्ही नळ्या मांडून उभ्या होत्या. पदर खोचलेला, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"सर, एक चूक झालीय. माझ्या हातून."

त्यांनी गंज, पॉलिश पेपर, ऑइलपेंट, सगळं क्रमाने सांगितलं. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "कानावरून तुम्ही ठरवलंत?"

"आधी नळीतल्या हवेच्या लांबीवरून. मग कानावरून."

"हं." सरांनी खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "ताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण कान हा पुरावा होत नाही. काट्यांची वारंवारता मोजून दाखवता आली पाहिजे."

"मग मोजू या की!" ताई म्हणाल्या. "तुमच्या कपाटात तिसरा काटा आहे, तीनशे चौऱ्याऐंशीचा. त्याला गंज लागला नव्हता, त्याचा कोरीव आकडा शाबूत आहे. पण मोजणार ती. पेनवाली."

सरांच्या भुवया वर गेल्या. पण ते नाही म्हणाले नाहीत.

दुपारी पोरीला बोलावलं. बाकीची मुलंही आली, कारण लॅबमध्ये काहीतरी घडतंय हे कळायला कॉलेजात वेळ लागत नाही. पोरीने तीनशे चौऱ्याऐंशीचा काटा पॅडवर आपटला आणि नळीवर धरला. ताईंनी टाकी धरली. पाणी उतरत गेलं. एकवीस पूर्णांक सातला नळी हुंकारली. आणखी खाली, सदुसष्टवर दुसरा हुंकार, जरा हलका, पण स्पष्ट.

"वजाबाकी?" सरांनी विचारलं.

"पंचेचाळीस पूर्णांक तीन."

"वजाबाकी का करायची?"

पोरीने नळीतल्या पाण्याकडे बोट दाखवलं. "काट्याने हवेला खाली ढकललं की तो धक्का पाण्यावर आपटून परत येतो. तो तोंडाशी पोचतो त्याच वेळी काटा उलट फिरून वर निघाला असेल, तर दोघांचं जमतं आणि आवाज वाढतो. त्यासाठी हवेचा खांब तरंगलांबीच्या पाव पाहिजे. पुढच्या वेळी पाऊण. पण हवेची हालचाल नळीच्या काठाशी संपत नाही, थोडी बाहेरही येते. ती किती, ते नेमकं दिसत नाही. दोन्ही वेळी तेवढीच असते, म्हणून वजा केली की उडून जाते. उरते बरोबर अर्धी तरंगलांबी."

"वेग?"

"पंचेचाळीस पूर्णांक तीनची दुप्पट, गुणिले तीनशे चौऱ्याऐंशी..." तिने कागदावर गुणाकार केला. पेनाने. मग वर बघितलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "सेकंदाला तीनशे सत्तेचाळीस पूर्णांक नऊ मीटर, सर."

तिच्या हातून पहिल्यांदा तो आकडा आला होता, आणि तोही कुठूनही न उचललेला. ताईंनी टाकी आणखी घट्ट धरली, नाहीतर ती हातातून सुटलीच असती.

पुढचं झपाट्याने झालं. हवा तीच, म्हणून आवाजाचा वेगही तोच. मग कंपनं आणि ही वजाबाकी यांचा गुणाकार प्रत्येक काट्याला सारखाच यायला हवा. पोरीने पहिल्या टेबलावरच्या काट्याची वजाबाकी घेतली: छत्तीस पूर्णांक दोन. भागाकार केला. काट्यावर पांढऱ्या रंगात पाचशे बारा लिहिलं होतं, कागदावर आलं चारशे ऐंशी पूर्णांक पाच. दुसऱ्या टेबलावरच्या काट्याची वजाबाकी तेहेतीस पूर्णांक नऊ. त्याच्यावर लिहिलं होतं चारशे ऐंशी, कागदावर आलं पाचशे तेरा.

"अदलाबदल," सर म्हणाले. "स्वच्छ अदलाबदल." आणि मग सवयीने, "तरी दुसऱ्या एखाद्या पद्धतीने पडताळा मिळाला असता, तर बरं झालं असतं. पाण्याशिवाय."

ताई जणू याचीच वाट बघत होत्या. त्यांनी टेबलाखालून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा काढला, सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला. आतून तीन सेंटिमीटर रुंद, काचेच्या नळीएवढाच. त्याच्यावर जाड कागदाची घट्ट गुंडाळी चढवली होती, दुर्बिणीसारखी पुढेमागे सरकणारी. "दोन्ही तोंडं उघडी आहेत, सर. तळ नाही, पाणी नाही. गुंडाळी सरकवून लांबी वाढवायची."

"हे कुठे शिकलात?"

"मागच्या सरांच्या वेळी एकदा केलं होतं. मी लक्षात ठेवलं."

पोरीने पाइप आडवा धरला, एका तोंडाशी काटा आणला, तोच पाचशे बारा लिहिलेला. ताई गुंडाळी सरकवत गेल्या. बंद नळीत सतरा सेंटिमीटरला हुंकार यायचा, पण इथे सतराला चिडीचूप. वीस, काही नाही. पंचवीस, काही नाही. मागच्या बाकावरचा एक जण कुजबुजला, "झोपला वाटतं पाइप." तीस. आणि मग चौतीसच्या पुढे किंचित सरकलं, तेवढ्यात पाइप घुमला. दोन्ही टोकांनी. मागे उभ्या असलेल्यांनाही तो पुढच्यांइतकाच ऐकू आला आणि सगळे एकदम "ओहो!" म्हणाले.

"चौतीस पूर्णांक चार," पोरगी म्हणाली. "उघड्या नळीत दोन्ही तोंडांशी हवेला मोकळीक असते, म्हणून अर्धी तरंगलांबी मावावी लागते. बंद नळीच्या जवळजवळ दुप्पट. आणि हवा दोन्हीकडून थोडी बाहेर येते. एका तोंडाला व्यासाच्या तीन दशांश, म्हणजे शून्य पूर्णांक नऊ. दोन तोंडांचे एक पूर्णांक आठ. चौतीस चार अधिक एक आठ..." ती थांबली. आणि मग सरळ हसायलाच लागली. "छत्तीस पूर्णांक दोन! सर, तीच! पाण्याच्या नळीत वजाबाकीने आली तीच!"

सर पुढे आले. तिचा कागद उचलून वरपासून खालपर्यंत बघितला. मग कपाटाकडे जाऊन जर्नलांचा गठ्ठा आणला आणि टेबलावर ठेवला.

"या लॅबमध्ये," ते सावकाश म्हणाले, "सुट्टीपासून दोन्ही काट्यांवर चुकीचे आकडे आहेत. म्हणजे पहिल्या टेबलावर ज्यांनी प्रामाणिकपणे प्रयोग केला, त्यांचं उत्तर तीनशे सत्तर यायला हवं. दुसऱ्या टेबलावर तीनशे पंचवीस. बरोबर?"

मुलं चपापली.

"आणि माझ्यासमोर बावीस जर्नलं आहेत, ज्यांत उत्तर तीनशे सत्तेचाळीस आहे." त्यांनी एक उघडलं. "तीनशे सत्तेचाळीस पूर्णांक दोन चार." दुसरं. "तीनशे सेहेचाळीस पूर्णांक आठ तीन. सुंदर अक्षर." तिसरं. "हे तर थेट पुस्तकातलंच उत्तर."

बावीस माना खाली, बावीस जोडी कान लाल. आणि मग कुणालाही अपेक्षा नव्हती ते झालं. दशांश सर हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, आणि शेवटी टेबलाचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बावीस बरोबर आणि एक चूक!" ते हसता हसता म्हणाले. "मी तीन आठवडे तपासतोय! बावीस बरोबर आणि एक चूक!"

हसू पसरायला वेळ लागला नाही. मागच्या बाकावरून सुरुवात झाली, मग सगळीकडे. पेनवालीही हसत होती आणि डोळे पुसत होती. ताई मात्र अजून तशाच उभ्या होत्या. हसावं की नको, हे त्यांना कळत नव्हतं. चूक शेवटी त्यांचीच होती.

सर शांत झाले. पोरीचं जर्नल घेऊन त्यांनी आपल्या तिन्ही लाल रेघांच्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि सही केली. तिने वाचलं, आणि जर्नल छातीशी धरलं. नंतर ताईंनी विचारलं तेव्हा तिने दाखवलं. लिहिलं होतं, 'रीडिंग बरोबर. तपासणाऱ्याची चूक.'

मग सर ताईंकडे वळले.

"ताई, तुम्ही आज सकाळी आकडे गुपचूप बदलू शकला असतात."

"हो, सर."

"बदलले असते तर मी वर्षभर या बावीस जणांना शाबासकी देत बसलो असतो." त्यांनी एक कोरं जर्नल पुढे केलं. "हे घ्या. यात तुमचं रीडिंग लिहा."

"माझं?" ताई गोंधळल्या. "मी नुसती मांडून देते, सर. सव्वीस वर्षं मांडतेय."

"म्हणूनच. एकदा तरी स्वतः करा. मी टाकी धरतो."

"टाकी नको. मला हा पाइपच द्या." ताईंनी हात पुसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पाण्याशी आयुष्यभर दोस्ती आहे माझी. आज बिनपाण्याचं बघू."

काटा पेनवालीने धरला, तीनशे चौऱ्याऐंशीचा, कोरीव आकड्याचा. गुंडाळी सरांनी सरकवली. ताईंनी डोळे मिटले, मान तिरकी केली. एवढी तेवीस पोरं भोवती, पण कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

"पुढे... पुढे... हळू, सर, तुम्ही फार घाई करता... थांबा. किंचित मागे. केसभर. हां!"

पाइप घुमला.

सरांनी पट्टी लावली. त्रेचाळीस पूर्णांक चार. ताईंनी पेन घेतलं. गुणाकाराला थोडा वेळ लागला, कारण तो चारदा तपासला. दोन्ही तोंडांचे एक आठ मिळवले, पंचेचाळीस दोन झाले. दुप्पट नव्वद चार. गुणिले तीनशे चौऱ्याऐंशी. उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि सरांच्या डोळ्यांकडे बघत मोठ्याने वाचलं, "तीनशे सत्तेचाळीस पूर्णांक एक."

"दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकडे लागतात," मागून कुणीतरी म्हणालं.

"या पट्टीवर मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही," सर म्हणाले. "जेवढं मोजता येतं तेवढंच लिहायचं. ताईंचं बरोबर आहे. इतके दिवस माझंच चुकत होतं." आणि त्या दिवशी ते दुसऱ्यांदा हसले.

बावीस जणांना प्रयोग नव्याने करावा लागला. पुढचे दोन आठवडे लॅब सकाळपासून हुंकारत होती. मुलं पाइप मागून नेत, जिन्याखाली, व्हरांड्यात घुमवून बघत. शेजारच्या रसायनशास्त्राच्या मॅडम दोनदा तक्रार घेऊन आल्या, आणि तिसऱ्यांदा स्वतःच पाइपला तोंड लावून फुंकून गेल्या. काट्यांवरचा ऑइलपेंट खरवडून सरांनी आकडे यंत्रावर खोल कोरून आणले, घासूनही जाणार नाहीत असे. पेनवालीने पुढच्या वर्षासाठी विषयाचा अर्ज भरला. तोही पेनाने.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी संध्याकाळी ताई जवळजवळ धावतच दुकानात गेल्या. नवरा एका बाईचं माप घेत होता. ती बाई जाईपर्यंत त्यांना दम धरवेना. पर्समधून जर्नल काढून त्यांनी कापडाच्या ठाणावर उघडून ठेवलं.

"काय झालं? रागावले का सर?"

"अहो, रागावतात कसले! हे बघा. आवाजाचा वेग. मी काढला. मी स्वतः. सेकंदाला तीनशे सत्तेचाळीस मीटर."

नवऱ्याने जर्नल हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि आकड्यावरून बोट फिरवलं. तोंडात अजून दोन टाचण्या होत्या. त्या काढून त्याने गंभीरपणे विचारलं, "एका सेकंदात साडेतीनशे मीटर?"

"जवळजवळ."

"मग स्वयंपाकघरातून मारलेली तुझी हाक मला पुढच्या खोलीत तिसऱ्या वेळी का ऐकू येते?"

ताईंनी टेप उचलून त्याच्या पाठीत मारला आणि दोघंही इतकी हसली, की रस्त्यावरून चाललेली माणसं दुकानात डोकावून बघायला लागली.